मराठी आवाज की मराठी सबटायटल? रिटेन्शनचा आलेख काय दाखवतो आणि काय लपवतो



समजा एक इंग्रजी ट्युटोरियल भरपूर चाललंय आणि ते मराठीत आणायचं ठरलंय. पैसे आणि माणसं मोजकी आहेत. समोर दोन रस्ते आहेत. मूळ इंग्रजी आवाज तसाच ठेवून खाली मराठी सबटायटल द्यायची, किंवा सगळं निवेदन मराठीत लिहून, वाचून, नव्याने आवाज भरायचा, म्हणजे डबिंग. सबटायटलचं काम भाषांतरापाशी संपतं. डबिंगला त्यापुढे आवाज हवा, शांत खोली हवी, आणि प्रत्येक वाक्य पडद्यावरच्या हालचालीशी जुळवत बसणारा माणूस हवा. मग हा जास्तीचा खटाटोप वसूल झाला का, हे ठरवायचं कसं?

सहसा उत्तर मिळतं, "सोपंय, आकडे बघा. कोणत्या भाषेत लोक जास्त वेळ टिकतात आणि कोणत्या भाषेतले परत येतात, ते बघा." हे चूक नाही, पण हेच दोन आकडे सरळ शेजारी ठेवले तर ते हमखास उलटं उत्तर देऊ शकतात. ते का, आणि सुलट उत्तर कसं काढायचं, एवढ्यापुरताच आजचा लेख आहे.

आपल्याकडे यासाठी जवळचं उदाहरण आहे ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचं. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या पैशातून उभा राहिलेला हा प्रकल्प. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन अशा मोफत सॉफ्टवेअरवरची साधारण दहा-दहा मिनिटांची ट्युटोरियल्स, आधी इंग्रजीत आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत. यात एक गोष्ट मुद्दाम ठरवलेली आहे. आवाज बदलतो, पडदा बदलत नाही. मेन्यू, बटणं, कमांड सगळं इंग्रजीतच राहतं, कारण उद्या नोकरीत समोर येणारं सॉफ्टवेअर इंग्रजीतच असणार. आणि शिकण्याची पद्धत "शेजारी-शेजारी" अशी आहे. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर ते सॉफ्टवेअर स्वतः उघडलेलं. ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं, पुढे जायचं.

या पद्धतीत डबिंगची बाजू का घेतली जाते ते लगेच कळतं. शिकणाऱ्याचे डोळे आधीच दोन ठिकाणी आहेत. खाली सबटायटल आली की तिसरं ठिकाण तयार होतं. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठात जेरी डिडेवाल यांनी डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवलं होतं की सबटायटल समोर असली की माणूस ती वाचतोच, आवाजाची भाषा समजत असली तरी. म्हणजे "नको असेल तर दुर्लक्ष करेल" असं म्हणून सुटका नाही. रिचर्ड मेयर आणि रोक्साना मोरेनो यांच्या प्रयोगांतूनही हेच दिसलं. हलतं चित्र समजावताना शब्द कानावाटे दिले तर डोळे चित्रासाठी मोकळे राहतात, आणि शब्दही पडद्यावरच छापले की दोन्हींची ओढाताण होते.

पण हा झाला सिद्धांत. प्रत्यक्षात मेहकरच्या कॉम्प्युटर क्लासमधला एखादा मुलगा लिबरऑफिस कॅल्कचा धडा मराठी आवाजात जास्त पुढपर्यंत नेतो का, हे सिद्धांतावरून सांगता येत नाही. ते मोजावंच लागतं.

सरळ तुलना का फसते

आता एक हिशेब करू. आकडे मी हिशेबासाठी घेतलेत, कुठल्याही प्रकल्पाचे नाहीत. कॅल्कचा दहा मिनिटांचा एक धडा आहे, त्याला मराठी आवाजही आहे आणि मराठी सबटायटलही. "पूर्ण केला" म्हणजे नवव्या मिनिटाला येणारी शेवटची कृती गाठली, असं धरू.

मराठी आवाजात १००० जणांनी धडा सुरू केला, त्यातले २७० शेवटच्या कृतीपर्यंत पोचले. म्हणजे २७ टक्के. इंग्रजी आवाज आणि मराठी सबटायटल असं २०० जणांनी पाहिलं, त्यातले ११० पोचले. म्हणजे ५५ टक्के. झालं! सबटायटल दुपटीने चांगली, डबिंगचे पैसे पाण्यात.

थांबा. हे २०० जण "सबटायटलवाले" म्हणून मोजले गेले ते कधी? त्यांनी सबटायटल चालू केली तेव्हा. बहुतेक जण ती व्हिडिओ उघडल्या उघडल्या चालू करत नाहीत. आधी अर्धा-एक मिनिट ऐकतात, इंग्रजी झेपत नाही असं वाटतं, मग बटण शोधतात. जो माणूस विसाव्या सेकंदाला कंटाळून निघून गेला, त्याला सबटायटल चालू करायची संधीच मिळाली नाही, त्यामुळे तो त्या २०० मध्ये कधी आलाच नाही. मराठी आवाज मात्र पहिल्या सेकंदापासून वाजतो. चुकून क्लिक केलेले, भलताच धडा उघडलेले, दहा सेकंदांत परत गेलेले सगळे त्याच्या खात्यावर पडतात.

वैद्यकीय संशोधनात हा घोटाळा चांगलाच ओळखीचा आहे. औषधाचा दुसरा डोस घेतलेले रुग्ण जास्त जगले असं दिसतं, पण दुसरा डोस मिळायला तोवर जिवंत असावं लागतं! त्या मधल्या काळात त्या गटातलं कुणी मरूच शकत नाही, म्हणून त्याला "अमर काळ" म्हणतात. आपल्याकडे मरण म्हणजे व्हिडिओ बंद करणं, एवढाच फरक.

मग दोन्हीकडे सुरुवातीची रेष एकच ठेवू. दीड मिनिटापर्यंत जे टिकले, तेवढेच घेऊ. मराठी आवाजातले १००० पैकी ४५० तिथे होते, त्यातले २७० पोचले, म्हणजे ६० टक्के. सबटायटलवाले २०० पैकी १९० तिथे होते, त्यातले ११० पोचले, म्हणजे ५८ टक्के. दुपटीचा फरक गायब. एवढ्या थोड्या माणसांत ६० आणि ५८ यांत काही अंतरच नाही.

तरीही तुलना अजून न्याय्य नाही. सबटायटल शोधून चालू करणारा माणूस जरा चिवट असतो, थोडंफार इंग्रजी ऐकायची त्याची तयारी असते. मराठी आवाजाकडे येणारा कदाचित पहिल्यांदाच माऊस धरतोय. दोन वेगळ्या माणसांची तुलना करून आपण दोन भाषा-पद्धतींबद्दल बोलतोय.

भाजक कोणता धरायचा

यातून बाहेर पडायचा रस्ता असा. "कुणी काय वापरलं" हे विसरायचं, "कुणासमोर काय ठेवलं होतं" एवढंच धरायचं. औषधांच्या चाचण्यांत हेच करतात. गोळी दिलेल्या गटातल्या काहींनी गोळी घेतलीच नाही, तरी त्यांना त्याच गटात मोजतात.

इथे पहिली अडचण म्हणजे मराठी प्रेक्षक ओळखायचा कसा. यूट्यूब कोणता ऑडिओ ट्रॅक वाजला, कोणती सबटायटल लागली हे सांगतं, पण माणसाची मातृभाषा सांगणारा रकाना तिथे नाही. फोनची भाषा बघावी तर आपल्याकडे अर्ध्याअधिक घरांत फोन इंग्रजीतच असतो, घरातली बोली शुद्ध वऱ्हाडी असली तरी. म्हणून मी म्हणेन, दारच वेगळं करा. धड्यांची मराठीतली एक यादी बनवा, मराठी शीर्षकं द्या, आणि त्या यादीवरून जेवढे धड्यावर आले तेवढे सगळे भाजकात घ्या. त्यांनी पुढे मराठी आवाज ऐकला, सबटायटल लावली की नुसतं इंग्रजी ऐकलं, काही का असेना.

पुन्हा आपला कल्पित धडा. मराठी आवाज येण्याआधीच्या महिन्यात यादीवरून १२०० जण आले आणि २१६ जणांनी धडा पूर्ण केला, म्हणजे १८ टक्के. आवाज आल्यानंतरच्या महिन्यात १५०० जण आले. त्यातल्या १००० जणांनी मराठी आवाज ऐकला, २७० पोचले. उरलेल्या ५०० जणांनी इंग्रजीच ठेवलं, सबटायटलसह किंवा त्याशिवाय, त्यातले ८५ पोचले. एकूण ३५५, म्हणजे २३.७ टक्के. १८ वरून २३.७, म्हणजे ५.७ टक्क्यांची वाढ. नशिबाचा खेळ धरला तर हा आकडा तीनेक टक्के इकडे-तिकडे सरकू शकतो. तरी शून्याच्या वरच राहतो. डबिंग जिंकलं?

अजून नाही, कारण महिना बदललाय. आमच्या मेहकरकडे सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या घरातली पोरं व्हिडिओ बघत बसत नाहीत, आणि दिवाळीनंतर परीक्षा जवळ आली की तीच पोरं एका बैठकीत तीन धडे संपवतात. आवाज दिवाळीनंतर आला असेल तर वाढ आवाजामुळे की परीक्षेमुळे? हे कळायला त्याच मालिकेतला, ज्याला आवाज दिलेला नाही असा एक धडा बघायचा. समजा तो त्याच दोन महिन्यांत, तेवढ्याच माणसांत, १८ वरून २० टक्क्यांवर गेला. म्हणजे २ टक्के वाढ नुसत्या मोसमाची. ती वजा केली की आवाजाच्या वाट्याला ३.७ टक्के उरतात.

आणि इथे बरेच लोक खूश होऊन थांबतात. पण आपण एका अंदाजातून दुसरा अंदाज वजा केलाय. दोघांचीही अनिश्चितता बेरजेत येते. तीन टक्क्यांचा पट्टा आता सव्वाचार टक्क्यांचा झाला. ३.७ उणे-अधिक ४.३, म्हणजे खरा परिणाम शून्याच्या किंचित खालपासून आठ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. एका धड्यावरून डबिंगचा निकाल लागत नाही, हे या हिशेबाचं खरं उत्तर आहे. चार-पाच धड्यांवर हीच मोजणी केली आणि दर वेळी वाढ त्याच बाजूला दिसली, तर मग बोलता येतं.

जाता जाता, मोठ्या कंपन्यांचे आकडेही असेच वाचावेत. यूट्यूबने फेब्रुवारी २०२३ मध्ये एकाच व्हिडिओला अनेक भाषांचे ऑडिओ ट्रॅक जोडायची सोय आणखी हजारो क्रिएटर्ससाठी खुली केली. तेव्हा सांगितलं होतं की चाचणीत असलेल्यांच्या अशा व्हिडिओंचा १५ टक्क्यांहून जास्त पाहण्याचा वेळ मूळ भाषेव्यतिरिक्तच्या भाषांतून आला. आकडा खरा असेल. पण त्या लोकांनी सबटायटलसह तेच व्हिडिओ पाहिले असते का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. आपला प्रश्न तर तोच आहे.

आलेखातले उंचवटे

टक्केवारीपेक्षा मला रिटेन्शनच्या आलेखाचा आकार जास्त आवडतो. व्हिडिओच्या लांबीचे शंभर तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा किती वेळा पाहिला गेला त्याला एकूण व्ह्यूजनी भागायचं. यूट्यूबच्या डेटात याला `audienceWatchRatio` असं नाव आहे. गंमत म्हणजे हा आकडा १ च्या वर जाऊ शकतो. लोक मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा बघत असतील तर शंभर जणांकडून तो एकशेवीस वेळा पाहिला जातो.

म्हणून "आलेख वर म्हणजे चांगलं" हे ट्युटोरियलला लागू होत नाही. सबटायटलवाला सूत्र टाईप करताना खाली बघतो, तेवढ्यात वाक्य निघून जातं, तो दहा सेकंद मागे जातो. प्रत्येक अवघड जागी एक उंचवटा तयार होतो, आणि पाहिल्याचा सरासरी वेळ वाढतो. वाढलेला वेळ इथे त्रासाचं माप आहे. तोच धडा मराठी आवाजात एका दमात झाला तर सरासरी वेळ उलट कमी दिसेल. म्हणूनच वर मी सरासरी वेळ घेतला नाही. शेवटची कृती गाठली की नाही, एवढंच घेतलं.

मात्र उंचवटे डबिंगमध्येही येतात, आणि त्यांचं एक कारण अगदी मराठी आहे. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, मराठीत शेवटी. मूळ निवेदन म्हणतं, "सेव्ह द फाईल इन द प्रॅक्टिस फोल्डर ऑन द डेस्कटॉप." व्हिडिओ बनवणारा त्या क्रमाने हात चालवतो. आधी सेव्हची खिडकी उघडते, मग फोल्डर निवडला जातो. याचं नीट मराठी काय? "डेस्कटॉपवरच्या प्रॅक्टिस फोल्डरमध्ये फाईल सेव्ह करा." वाक्य निर्दोष आहे, पण आवाज "डेस्कटॉपवरच्या" म्हणतोय तेव्हा पडद्यावर सेव्हची खिडकी उघडून झालेली असते, आणि "सेव्ह करा" ऐकू येतं तोवर सेव्ह होऊन पडदा पुढे सरकलेला असतो. ऐकणारा चुकतो, मागे जातो. आलेखावर बरोबर त्या सेकंदांनंतर उंचवटा दिसतो.

उपाय साधा आहे. वाक्य मोडायचं. "आता फाईल सेव्ह करू. डेस्कटॉपवर जा. तिथला प्रॅक्टिस फोल्डर निवडा." भाषांतर म्हणून कुणी याला शंभर गुण देणार नाही, पण हात आणि कान एका वेळी चालतात. स्पोकन ट्युटोरियलमध्ये डबिंगसाठी वेळ लिहिलेल्या संहिता वापरतात, म्हणजे अमुक वाक्य अमुक मिनिट-सेकंदाला. त्याने वाक्य कधी सुरू व्हावं हे बांधलं जातं. वाक्याच्या आत कोणता शब्द कधी यावा हे भाषांतर करणाऱ्यालाच बघावं लागतं.

उंचवटा गोंधळाचा की गोडीचा, हे आलेखावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी खूण लागते. स्पोकन ट्युटोरियलच्या प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारताना धड्यातलं मिनिट आणि सेकंदांचा टप्पा निवडायची सोय आहे. ही मला फार हुशार सोय वाटते. उंचवटा आणि प्रश्न एकाच टप्प्यावर पडले तर तिथे गोंधळ आहे. मराठी धड्यात उंचवटा आहे पण इंग्रजी धड्यात त्या जागी सपाट आहे, तर गोंधळ विषयाचा नाही, आपल्या वाक्याचा आहे. डबिंग वाईट ठरवण्याआधी अशी दोन-तीन वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करून बघावीत, कारण आपल्याला "डबिंग चांगलं की सबटायटल" हे हवंय, "घाईचं डबिंग चांगलं की सबटायटल" हे नको.

परत येणारे

आता दुसरा आकडा, परत येणारे प्रेक्षक. रिटेन्शन एका धड्यापुरतं बोलतं, हा आकडा सवयीबद्दल बोलतो. पण यूट्यूबवर "परत आलेला" म्हणजे तुमच्या चॅनेलवर आधी कधीतरी काहीतरी पाहिलेला आणि या काळात पुन्हा आलेला माणूस. आधी इंग्रजी धडा पाहिलेला आज मराठी आवाज ऐकायला आला तरी तो परत आलेलाच. म्हणून भाषेचा निकाल लावायला हा तयार आकडा कामाचा नाही. स्वतःचा बनवावा लागतो. अमुक आठवड्यात मराठी यादीवरून पहिल्यांदा आलेले लोक घ्या, आणि त्यातल्या किती जणांनी पुढच्या २८ दिवसांत, पहिल्याच दिवशी नव्हे, मालिकेतला दुसरा कोणताही धडा उघडला ते मोजा.

यात एक सापळा आहे आणि त्यात बहुतेक मराठी डबिंग अडकतं. लोकप्रिय म्हणून पहिला धडा तेवढा डब होतो. दुसऱ्यापासून इंग्रजी आवाज आणि सबटायटल. पहिला धडा मराठीत ऐकून खूश झालेला माणूस दुसरा उघडतो, इंग्रजी सुरू होतं, तो बंद करतो, आणि पुन्हा येत नाही. सबटायटलने सुरुवात केलेल्याला मात्र दुसऱ्या धड्यात काहीच बदललेलं नसतं. तो येत राहतो. महिन्याअखेरीला अहवाल म्हणतो की डबिंगवाले परत येत नाहीत! खरं तर त्यांना परत यायला जागाच ठेवलेली नाही. त्यामुळे सलग निदान पाच-सहा धडे मराठीत तयार होईपर्यंत परत येणाऱ्यांचा आकडा मी बघणारच नाही. त्याआधी तो भाषेबद्दल काही सांगत नाही, आपल्या अर्धवट कामाबद्दल सांगतो.

शिवाय परत येणं नेहमी चांगलंच असतं असंही नाही. मालिका शिकणारा परत यायला हवा. पण "सात-बारा ऑनलाईन कसा काढायचा" असा सुटा धडा असेल तर काम एका बैठकीत व्हावं आणि माणसाने पुन्हा तोंडही दाखवू नये, हेच यश.

मोजणीत घरचा फोनही येतो. आमच्याकडे एका फोनवर भाऊ, बहीण आणि कधी कधी बापही तेच खातं वापरतात. तीन नवे प्रेक्षक एक परत आलेला प्रेक्षक म्हणून दिसतात. क्लासच्या कॉम्प्युटरवर याच्या उलट. तोच मुलगा रोज वेगळ्या मशीनवर बसतो आणि रोज नवा ठरतो. स्पोकन ट्युटोरियलसारखे धडे इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये सीडीवरूनही चालत आलेत, तिथे तर काहीच नोंद होत नाही. या चुका दोन्ही पद्धतींना सारख्याच लागू असतील तर फरकावर फारसा परिणाम होत नाही. पण क्लासवाले सर मुलांना मराठी आवाजच लावून देत असतील, तर मराठीतले परत येणारे कमी दिसणार. म्हणून घरून आणि लॅबमधून आलेले वेगळे मोजलेले बरे.

हिंदी आणि बसमधला प्रवासी

दोन गोष्टी मराठीच्या बाबतीत वेगळ्या आहेत. पहिली, आपल्या प्रेक्षकाला हिंदी येतं. मराठी आवाजाची स्पर्धा इंग्रजी अधिक सबटायटलशी आहे असं आपण धरतो, पण तोच धडा हिंदी आवाजात तयार असेल तर खरी स्पर्धा हिंदीशी असते. मराठी आवाज आल्यावर हिंदीतले हजार जण मराठीकडे सरकले आणि तेवढेच पोचले, तर मराठीचा आलेख सुंदर दिसेल, पण नवीन शिकलेला माणूस एकही नाही. म्हणून मराठीच्या हिशेबात हिंदी ट्रॅकवरची घटही धरावी लागते. मराठी यादीतून आलेले सगळे भाजकात ठेवले की हे बरंचसं आपोआप होतं, कारण त्यातला हिंदीकडे गेलेलाही मोजला जातो.

दुसरी गोष्ट आवाजाची. मेहकर-चिखली एसटीत बसून व्हिडिओ बघणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही, किंवा शेजाऱ्याच्या लाजेने तो बंद ठेवतो. त्याच्यासाठी मराठी आवाज असून नसल्यासारखा, सबटायटल मात्र कामाची. तेव्हा मोबाईल आणि कॉम्प्युटर वेगळे करून बघा. मोबाईलवर सबटायटल आणि कॉम्प्युटरवर आवाज, असं उत्तर निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि मराठी आवाज दिला म्हणून मराठी सबटायटल काढून टाकू नका. ती काढलीत तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा तर रस्ताच बंद होतो.

मी काय करेन

धडे स्वतःच्या संकेतस्थळावर असतील तर नाणेफेक. मराठी यादीवरून येणाऱ्या निम्म्या ब्राऊझरना मराठी आवाज आधीपासून लावून द्यायचा, निम्म्यांना इंग्रजी आवाज आणि मराठी सबटायटल, दोघांनाही बदलायची मुभा. मोसम, परीक्षा, चिवटपणा सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. १८ आणि २२ टक्क्यांतला फरक खात्रीने ओळखायला प्रत्येक बाजूला साधारण १६०० माणसं लागतात. हा आकडा सोपा निघतो. सरासरी टक्केवारी ०.२० घ्या, तिला ०.८० ने गुणा, त्याला १६ ने गुणा, आणि फरकाच्या वर्गाने, म्हणजे ०.०४ गुणिले ०.०४ ने भागा. फरक निम्मा पकडायचा असेल तर माणसं चौपट लागतात, त्यामुळे छोट्या फरकाच्या मागे लागू नये.

यूट्यूबवर अशी नाणेफेक आपल्या हातात नसते. तिथे पायरीपायरीने आवाज द्यायचा. समजा तीस धड्यांची मालिका आहे, सहा-सहा धड्यांचे पाच भाग. सगळ्यांना आधी सबटायटल. मग दर सहा आठवड्यांनी एका भागाला आवाज, आणि कोणत्या भागाचा नंबर कधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. जे भाग अजून थांबलेत ते मोसम सांगतात, ज्यांना आवाज मिळाला ते आवाज सांगतात, आणि भाग सलग सहा धड्यांचा असल्याने परत येणाऱ्यालाही पुढे जागा मिळते. भाषांतर करणाऱ्यांनाही हे सोयीचं, कारण ते तसंही एका वेळी सहाच धडे करू शकतात.

दोन-तीन भाग होईपर्यंत निकाल जाहीर करायचा नाही, एवढं पथ्य पाळावं लागेल. आणि कोणता आकडा निर्णायक धरणार, शेवटची कृती की २८ दिवसांत परत येणं, हे पहिला आवाज चढवायच्या आधी लिहून ठेवावं लागेल. नंतर जो आकडा आवडेल तो उचलायचा मोह फार असतो, आणि पाच भाग गुणिले दोन आकडे म्हणजे दहातला एखादा आपल्या मनासारखा निघणारच.